भर आणि साठा

परंदवडी, बेबडओहोळ, उर्से, सोमाटणे या पट्ट्यात आयटीआय किंवा डिप्लोमा करून बाहेर पडलेल्या मुलाला हल्ली एकच सल्ला हमखास मिळतो : सोलरमध्ये जा, पुढची पंचवीस वर्षं काळजी नाही. सल्ल्यामागचं गणित सरळ असतं. देशाने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचं उद्दिष्ट ठेवलं आहे, २०२४-२५ या एका वर्षात सुमारे साडेएकोणतीस गिगावॅट नवीकरणीय क्षमता उभी राहिली, म्हणजे या क्षेत्रात कामं वाढतच जाणार. वर्तमानपत्रं हेच लिहितात, प्रशिक्षण संस्था हेच सांगून प्रवेश भरतात.

मला हे गणित चुकीचं वाटतं, आणि ते चुकल्याने होणारं नुकसान प्रवेश घेणाऱ्या मुलांना सोसावं लागतं. मेगावॅटचा आकडा वाढला म्हणून कामाची संख्या वाढते असं नाही. एखादं पद खरोखर वाढतं आहे का, हे ठरवायचं तर ते दरवर्षी नव्याने पडणाऱ्या भरीवर जगतं की आजवर जमा झालेल्या साठ्यावर, हे आधी पाहावं लागतं. त्यानंतर साठ्यावरच्या कामांतली कोणती कामं परवानाधारक, जाणत्या माणसाशिवाय होत नाहीत, हे पाहावं लागतं. या दोन चाळण्यांतून जे उरतं तेवढंच खरं वाढतं क्षेत्र. ते जाहिरातींत दिसतं त्यापेक्षा बरंच लहान आहे, पण पक्कं आहे.

१. उभारणारे आणि सांभाळणारे

पत्र्यावर रेल बसवणं, पॅनेल चढवणं, केबल ओढणं, इन्व्हर्टर टांगणं ही उभारणीची कामं. ती या वर्षी किती नवीन मेगावॅट बसतात त्यावर अवलंबून असतात. देखभाल, दुरुस्ती, चाचणी ही कामं आजवर एकूण किती मेगावॅट बसले आहेत त्यावर अवलंबून असतात. पहिली भरीची कामं, दुसरी साठ्याची.

फरक कागदावर मांडला की लगेच कळतो. आकडे मी सोयीसाठी धरतो आहे. एका भागात वर्षाला ४० मेगावॅट छतावरचं सोलर बसतं, एक मेगावॅट उभारायला वीस माणसांचं वर्षभराचं काम लागतं, आणि उभा राहिलेला एक मेगावॅट सांभाळायला अर्धा माणूस लागतो असं समजा. पहिल्या वर्षी उभारणीत ८०० माणसं आणि देखभालीत २०, एकूण ८२०. दुसऱ्या वर्षीही ४० मेगावॅटच बसले तर उभारणीत तेच ८००, देखभालीत ४०. तिसऱ्या वर्षी मागणी निम्म्यावर आली, २० मेगावॅटच बसले. उभारणीत ४०० उरले, देखभालीत ५० झाले. एकूण क्षमता १०० मेगावॅट, आजवरची सर्वाधिक, आणि बातमीचा मथळाही तसाच येईल. काम मात्र ८४० माणसांवरून ४५० वर आलेलं असेल.

या उदाहरणातल्या दुसऱ्या वर्षाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्या वर्षी मंदी नव्हती, पूर्ण ४० मेगावॅट बसले. तरी उभारणीत नव्या माणसाला जागा झाली नाही, कारण आदल्या वर्षीचे ८०० जण तिथेच होते. भर नुसती टिकली तर उभारणीतला रोजगार जागच्या जागी राहतो. तो वाढायचा असेल तर भर दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा जास्त पडावी लागते. इकडे प्रशिक्षणाची नवी तुकडी दरवर्षी बाहेर पडतच असते.

‘सीईईडब्ल्यू’ आणि ‘एनआरडीसी’ या संस्थांच्या २०१७ च्या अभ्यासाचा आकडा याच घोटाळ्यामुळे चुकीचा वाचला जातो. त्यांनी छतावरच्या सोलरसाठी मेगावॅटमागे २४.७२ आणि जमिनीवरच्या प्रकल्पांसाठी ३.४५ असा रोजगार काढला. ही मोजणी एका माणसाच्या पूर्ण वर्षभराच्या कामाच्या एककात आहे आणि त्यातला मोठा वाटा उभारणीच्या काळातला आहे. भाषणात पोहोचेपर्यंत त्याचं ‘एका मेगावॅटला पंचवीस नोकऱ्या’ होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, पंचवीस जण कायमचे कामाला लागले.

२. पवनचक्क्यांच्या वेळी हेच झालं होतं

ही भीती काल्पनिक नाही. साताऱ्यातल्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांनी, धुळ्यातल्या ब्राह्मणवेलच्या माळाने महाराष्ट्राला पवनऊर्जेची ओळख करून दिली. देशात २०१६-१७ मध्ये पवनऊर्जेची विक्रमी भर पडली, सुमारे साडेपाच हजार मेगावॅट. त्यानंतर ठरावीक दराने वीज खरेदी करण्याची पद्धत मागे पडून लिलाव आले. दर कोसळले, जुने करार थांबले, नवे सुरू व्हायला वेळ लागला. २०१७-१८ मध्ये भर अठराशे मेगावॅटच्या आसपास आली, म्हणजे एका वर्षात एक तृतीयांश.

एकूण क्षमता मात्र त्या वर्षीही वाढलीच, ३२ हजारांवरून ३४ हजार मेगावॅटकडे गेली. क्षमतेचा आलेख पाहणाऱ्याला काही बिघडल्याचं दिसलंही नसतं. पण क्रेनवर, पायाभरणीत, पाती चढवण्यात ज्यांचं पोट होतं त्यांच्यासाठी ते वर्ष आदल्या वर्षाच्या एक तृतीयांश कामाचं होतं. पठारावर आधीच फिरत असलेल्या चक्क्यांना मात्र गिअरबॉक्सचं तेल बदलणारा, नटबोल्टचा ताण तपासणारा, ब्रेकर सांभाळणारा माणूस तेव्हाही लागत होता, आजही लागतो.

या घसरणीचं कारण वाऱ्यात नव्हतं, तंत्रातही नव्हतं. ते खरेदीच्या नियमात होतं. सोलरची भरही अशाच नियमांवर उभी आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. छतावरची जादा वीज ग्रीडला देऊन बिलातून वजा करण्याची सोय आहे. यांपैकी एक जरी बदललं तरी उभारणीच्या टोळ्यांचं पुढचं वर्ष बदलतं.

३. पॅनेल मोठं झालं, हात कमी लागले

भर वाढत राहिली तरी उभारणीची माणसं त्याच प्रमाणात वाढत नाहीत. दहा वर्षांपूर्वी २५० वॅटचं पॅनेल सर्रास वापरात होतं, एका मेगावॅटला चार हजार पॅनेल लागायची. आज ५५० वॅटचं पॅनेल नेहमीचं झालं आहे, आणि तेवढ्याच मेगावॅटला अठराशेच्या आसपास पॅनेल पुरतात. उचलायची पॅनेल, आवळायचे क्लॅम्प, जोडायचे कनेक्टर सगळं निम्म्याहून कमी झालं. पॅनेल जड झाल्याने वेळ थोडा वाढला असेल, पण हिशोब कमी माणसांकडेच झुकतो.

स्मार्ट मीटर हे भरीच्या कामाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. महावितरणच्या सव्वादोन कोटींच्या घरात ग्राहकांचे मीटर बदलायचे ठरले आणि मीटर बसवणाऱ्या मुलांची मागणी एकदम वाढली. पण मीटर एकदाच बदलायचा असतो, शेवटचा बसला की हे काम संपतं. वर तो मीटर स्वतःच वाचन पाठवतो, त्यामुळे घरोघर फिरून वाचन घेणाऱ्याचं काम, जे साठ्याचं होतं, तेही जातं. मीटर बसवायला कुणी जाऊ नये असं मी म्हणत नाही. दोन वर्षांची मजुरी म्हणून जावं, करिअर समजून जाऊ नये.

४. साठ्यातलंही सगळं काम टिकणारं नाही

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग देखभालीत जावं. त्यालाही दुसरी चाळणी लावावी लागेल. पॅनेल धुणं हीसुद्धा देखभालच आहे. तिला मजुरी कमी, शिकायला फारसं काही नाही, आणि मोठ्या प्रकल्पांत ती जागा कोरडी सफाई करणारी यंत्रं घेत आहेत. टिकतं ते दोष शोधण्याचं काम. ते काय असतं हे मावळच्या पावसातल्या एका नेहमीच्या बिघाडातून समजून घेऊ.

कारखान्याच्या पत्र्यावर सौरसंच आहे. जुलै महिना. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप आहे, ऊनही आहे, पण एक इन्व्हर्टर चालू होत नाही. अकराच्या सुमाराला पत्रा वाळतो आणि इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इन्व्हर्टर रोज सकाळी ग्रीडला जोडण्याआधी डीसी केबल आणि जमीन यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध मोजतो. तो ठरलेल्या मर्यादेखाली असला की सुरू होत नाही. म्हणजे छतावर कुठेतरी केबलची साल निघाली आहे. बहुतेक वेळा ती पॅनेलची फ्रेम आणि रेल यांच्यामध्ये चेपलेली असते. कोरड्यात काही कळत नाही, ओल्यात वीज फ्रेममधून जमिनीत झिरपते.

अडाणी उपाय दोन आहेत. अकरापर्यंत वाट पाहणं हा एक. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा खाली आणणं हा दुसरा, आणि तो धोक्याचा. एक गळती नुसती असते तोवर निभावतं. दुसऱ्या जागी साल निघाली की दोन्ही गळत्यांमधून फ्रेममार्गे वीज वाहू लागते. डीसीची ठिणगी एसीसारखी क्षणाक्षणाला शून्यावर येत नाही, ती पेटली की पेटलेलीच राहते. छताला आग लागण्याच्या कारणांत हे ठळक कारण आहे.

जाणता तंत्रज्ञ ओल असतानाच छतावर जातो, कारण वाळल्यावर दोष सापडत नाही. तो आधी इन्व्हर्टर बंद करून डीसी आयसोलेटर उघडतो. भार असताना कनेक्टर कधीही ओढत नाही. मग हजार व्होल्ट डीसीला चालणाऱ्या मीटरने, हातमोजे घालून, एकेक स्ट्रिंग वेगळी करून तीन मापं घेतो : अधिक ते उणे, अधिक ते जमीन, उणे ते जमीन. निरोगी स्ट्रिंगमध्ये जमिनीकडची दोन्ही मापं हळूहळू शून्याकडे उतरतात. दोषी स्ट्रिंगमध्ये ती स्थिर राहतात.

समजा स्ट्रिंगमध्ये वीस पॅनेल आहेत आणि प्रत्येकाचा दाब त्या वेळी ४० व्होल्ट आहे, म्हणजे एकूण ८००. अधिक ते जमीन ६०० व्होल्ट आलं आणि उणे ते जमीन २००. सहाशेला चाळीसने भागलं की पंधरा. गळती अधिक टोकाकडून मोजत पंधराव्या आणि सोळाव्या पॅनेलच्या मधे आहे. शेकडो पॅनेलच्या छतावर आता एकच जोड उघडून पाहायचा आहे. हे ज्याला येत नाही तो दोन दिवस पॅनेल उचलत बसेल, आणि उचलताना आणखी एखादी केबल चेपेल.

हे काम दुरून होत नाही. पडद्यावर इन्व्हर्टर बंद असल्याचं कळतं, साल कुठे निघाली आहे ते कळत नाही. शिवाय आज घाईने बसवलेलं प्रत्येक छत जुनं होणार आहे, केबल उन्हाने कडक होणार आहे, दोन वेगळ्या कंपन्यांचे न जुळणारे कनेक्टर तापणार आहेत. उभारणीतली घाई जितकी जास्त तितकं हे काम पुढे वाढतं. नवी भर शून्यावर आली तरी ते वाढतच राहील.

५. परंदवडीहून काय दिसतं

राज्याच्या सौर नकाशावर मावळ मोठा नाही. डोंगर, पाऊस आणि जमिनीचे चढे भाव यांमुळे इथे शेकडो एकरांची सोलर पार्कं येणार नाहीत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्प प्रामुख्याने कोरड्या, सपाट भागांत आहेत. त्या योजनेची रचना मात्र अभ्यासण्यासारखी आहे. तिथे प्रकल्प गावाजवळच्या वीज उपकेंद्राला जोडलेले लहान लहान आहेत आणि वीज खरेदीचा करार पंचवीस वर्षांचा आहे. पंचवीस वर्षं वीज विकायची तर पंचवीस वर्षं ब्रेकर, रोहित्र आणि इन्व्हर्टर चालू ठेवणारं कुणीतरी त्या उपकेंद्राच्या टप्प्यात असावं लागेल. ज्याला घर सोडून जायची तयारी आहे त्याने या योजनेच्या उभारणीपेक्षा तिच्या देखभालीच्या कंत्राटांकडे बघावं.

आपल्याकडे दिसतं ते वेगळं. तळेगाव, चाकण, उर्से इथल्या कारखान्यांची छतं, त्यांना वीज देणारी उपकेंद्रं, आणि घाटमाथ्यावरचं पाणी.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, आणि १९२० च्या दशकात ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं. शंभर वर्षं उलटली तरी ही केंद्रं चालू आहेत आणि त्यांना चालवणारी माणसं लागतात. साठ्याचं काम किती टिकतं याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. त्या धरणांच्या उभारणीसाठी आलेल्या मजुरांचं काम बांधकामाबरोबरच संपलं होतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवता इथे १,८०० आणि भिवपुरी इथे १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. खर्च सुमारे १३ हजार कोटी, रोजगार सहा हजारांहून अधिक, असं सांगितलं गेलं. दिवसा स्वस्त सौरवीज वापरून पाणी खालच्या तलावातून वर चढवायचं आणि सूर्य मावळल्यावर तेच सोडून वीज करायची, असं हे तंत्र. सौरऊर्जा जितकी वाढेल तितकी संध्याकाळची ही गरज वाढते, म्हणून प्रकल्पामागचा विचार मला पटतो.

पण सहा हजारांचा आकडा परंदवडीच्या मुलाने वरच्या कसोटीवर घासून पाहावा. बोगदे, भूमिगत वीजगृह, पोलादी जलवाहिन्या यांची कामं काही वर्षांत संपतात, आणि बोगदा खोदणारी अनुभवी टोळी कंत्राटदार बहुधा दुसऱ्या राज्यातून सोबत आणतो. तयार झालेलं असं केंद्र चालवायला काही शे माणसं पुरतात. ती माणसं म्हणजे यंत्रगृहातले ऑपरेटर, जनरेटर-मोटर सांभाळणारे, रिले तपासणारे, स्विचयार्डचे तंत्रज्ञ, नियंत्रणप्रणालीचे इंजिनिअर. पंपाचं काम आणि टर्बाइनचं काम एकच यंत्र दिवसातून कितीदातरी दिशा बदलून करणार असल्याने त्याची झीज आणि त्याच्या संरक्षणाचं काम साध्या जलविद्युत संचापेक्षा अधिक असतं. संख्येने हे लोक थोडे, पण निवृत्तीपर्यंतचे. जिल्ह्यातली माणसं या जागांवर यावीत असं वाटत असेल तर तयारी आत्ता सुरू व्हायला हवी. ब्रेकर आणि रिले यांचा अनुभव दोन-चार वर्षं आधी दुसऱ्या उपकेंद्रावर मिळवावा लागतो, प्रकल्प उभा राहिल्यावर तो अचानक उगवत नाही.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल : भर अजून कितीतरी वर्षं वाढत राहणार, मग तोवर उभारणीत कमवायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. अठराव्या वर्षी छतावर चढून काम शिकणं उत्तम. हरकत आहे ती तिथेच थांबण्याला. उभारणीच्या दोन वर्षांत ज्याने मेगर लावायला, अर्थिंग मोजायला, एका रेषेचा आराखडा वाचायला शिकून घेतलं तो साठ्याच्या बाजूला सरकतो. ज्याने नुसतं पॅनेल उचललं तो पुढच्या मंदीत बाहेर पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देखभालीचे पगार कमी आहेत, कंत्राटी आहेत, आणि मालक सर्वांत स्वस्त कंत्राटदाराला काम देतो. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. म्हणूनच दुसरी चाळणी परवान्याची. विद्युत संचमांडणीचं काम अधिकृत परवानाधारकाने करावं, ठरावीक दाबावरील संचमांडणीची तपासणी विद्युत निरीक्षकाने करावी, हे कायद्याने बंधनकारक आहे. तारतंत्री परवाना किंवा पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र हातात असलेल्या माणसाची सही कागदावर लागते. पॅनेल धुणाऱ्याला मालक उद्या बदलू शकतो, सही करणाऱ्याला बदलायचं तर दुसरा परवानाधारक शोधावा लागतो. काही आठवड्यांच्या सोलर अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र हा परवाना नव्हे. फी भरण्याआधी हा फरक विचारून घ्यावा.

तिसरा आक्षेप घराघरातला : खासगीच्या भानगडीत पडूच नये, महावितरणच्या भरतीची तयारी करावी. २०२३ च्या जाहिरातीत विद्युत सहायकाच्या ५,३४७ जागा होत्या, आणि पहिली तीन वर्षं मानधन अनुक्रमे १५, १६ आणि १७ हजार रुपये. तिथे लागणाऱ्याने जरूर जावं, कारण वाहिन्या आणि रोहित्रं हा साठाच आहे. पण मोठी भरती निघाली म्हणजे पदं वाढली असं नाही. वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या आणि निवृत्तीने मोकळ्या झालेल्या जागा एकदम भरल्या तरी आकडा मोठा दिसतो. पुढची जाहिरात कधी येईल हे कुणाच्या हातात नसतं. त्या एका परीक्षेवर चार-पाच वर्षं घालवणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. तीच वर्षं एखाद्या उपकेंद्राच्या कंत्राटी पाळीत गेली असती तर परवाना आणि अनुभव दोन्ही हातात आले असते, आणि परीक्षाही देता आली असती.

७. पदवीधरांसाठी वेगळं गणित

इंजिनिअरच्या बाबतीत भर-साठ्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी लागते : टक्केवारी आणि जागा यांतलं अंतर. सौर आणि पवन प्रकल्पांनी आपल्या विजेचा अंदाज आधी द्यावा आणि चुकल्यास दंड भरावा, असा नियम राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये आणला. त्यातून अंदाज आणि वेळापत्रकाचं नवं काम जन्मलं. वाढीचा वेग मोठा, पण एक छोटा गट शेकडो मेगावॅटचा अंदाज एका खोलीतून काढतो. छतावरच्या सोलरचा आराखडा काढणं हे काम तर सॉफ्टवेअरने इतकं सोपं केलं आहे की नुसत्या आराखड्यावर पगार वाढत नाही.

माझ्या मते पदवीधराने लक्ष द्यावं ते संरक्षण आणि चाचणीकडे. पूर्वी वीज एका बाजूने यायची, म्हणून रिलेची मांडणीही एकाच दिशेचा विचार करून केलेली असे. आता प्रत्येक कारखान्याचं छत आणि प्रत्येक सौर वाहिनी वीज उलट दिशेने ढकलू शकते, आणि दोष झाला तर इन्व्हर्टर जुन्या जनरेटरइतका मोठा प्रवाह देत नाही. जुनी रिले तो दोष ओळखायला चुकू शकते. प्रत्येक उपकेंद्रावर ही मांडणी पुन्हा तपासावी लागणार आहे, आणि जोडणी बदलली की पुन्हा. बॅटरी साठवणुकीचे प्रकल्प आले की हेच काम आणखी वाढेल.

शिरवत्याच्या प्रकल्पाबद्दल ग्रामसभेत चर्चा होते तेव्हा किती जणांना काम मिळणार, हा प्रश्न विचारला जातो. त्याऐवजी तीन आकडे लेखी मागितले पाहिजेत : बांधकाम संपल्यानंतर केंद्रात किती पदं राहणार, त्यातली कोणती पदं आयटीआय आणि डिप्लोमाची, आणि त्या पदांसाठीची शिकाऊ उमेदवारी कोणत्या वर्षी सुरू होणार.